एका किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या

माझ्या सासूबाईंना कोंबडीतलं काही कळत नाही, असं म्हणायची छाती आमच्या वस्तीवर कुणाची नव्हती. ते शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, आणि तेही माझ्या देखत, चुलीवर पाणी उकळत असताना.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आमची वस्ती पिंपरी पेंढारच्या अलीकडे, कालव्याला लागून. पाच घरं, सगळी भावकीची. मागे ऊस, पुढे कांदा, आणि प्रत्येक घराच्या परड्यात कोंबड्या. या सगळ्या कोंबड्यांची मूळमाया आत्याच. त्यांचं माहेर घाटघरचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आईने त्यांच्याबरोबर वेताच्या डालग्यात एक तलंग दिली होती, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. काळी, मानेवर सोनेरी ठिपके असलेली. तिच्या पोटचा वाण आत्यांनी पन्नास वर्षं मोडू दिला नाही. बिबट्याने कितीदा खाल्ल्या, मुंगसाने नेल्या, मानमोडीच्या रोगाने रांगेत मेल्या, पण दर खेपेला एखादी काळी ठिपक्यांची राहायचीच. मग तिची अंडी बसवायची, पिल्लं शेजारी वाट्याने द्यायची. वाट्याने म्हणजे तू सांभाळ, वाढली की निम्मी तुझी, निम्मी माझी. त्यामुळे पाचही घरांतल्या कोंबड्या एकमेकींच्या मावश्या नाहीतर आत्या होत्या. आमच्यासारखंच सगळं.

त्या हिवाळ्यात खुराड्यात चौदा होत्या. पण खरी काळी एकच उरली होती आणि ती खुडूक बसली होती. खुडूक बसलेली कोंबडी अंडी द्यायचं थांबवते, जागा धरते आणि कुणी जवळ गेलं की पिसं फुगवून चोच मारते. आत्यांनी घरातल्या मागच्या खोलीत टोपलीत भुसा घातला, त्यात विजेने अंडी नासू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा ठेवला, अकरा अंड्यांवर कोळशाच्या रेघा ओढल्या आणि तिला बसवलं. आठव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. खोलीत अंधार केला, एक अंडं मोबाइलच्या बॅटरीवर धरलं. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी मी हे कधी पाहिलं नव्हतं. आत लाल धाग्यांचं जाळं आणि मधोमध एक ठिपका, हलणारा. मी बारावी सायन्स झालेली बाई, पण मी ते अंडं पुन्हा पुन्हा मागून बघितलं. कसलीही वायर नाही, नळी नाही, एक कोंबडी नुसती अंगाची ऊब देऊन हे करत होती.

"अकरातली धा जिती हायेत," आत्या म्हणाल्या. "ह्या वक्ताला वाण टिकला बघ."

त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी नातवाच्या बारशालाही ऐकलं नव्हतं. म्हणजे माझ्याच मुलाच्या, म्हणून मी जरा फुगून बसले, पण ते सोडा.

बर्ड फ्लूची बातमी काळी बसवली त्याच दिवसांत आली होती, आधी टीव्हीवर, मग मोबाइलवर, आणि मोबाइलवर आली की तिला पाय फुटतात. कुणी म्हणे अंडं खाल्लं की माणूस दोन दिवसांत जातो, कुणी म्हणे दारू पिणाऱ्याला काही होत नाही. ही दुसरी बातमी वस्तीवर फार लवकर पसरली. शेजारच्या माझ्या चुलत जाऊबाईंनी घरातली सगळी अंडी नेऊन बांधावर फोडली. दुसऱ्या दिवशी तिथे कावळे आणि कुत्री जमली.

मग जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम आल्या. वय जेमतेम तिशीचं, स्कूटीवर आलेल्या, आवाज मात्र खणखणीत. देवळापुढे आम्हाला बसवून त्यांनी सांगितलं, की अंडी फोडून टाकू नका आणि घाबरून खाणंही सोडू नका. चांगल्या, धडधाकट कोंबडीचं अंडं आणि मटण पूर्ण शिजवलं तर हा विषाणू त्यात टिकत नाही. धोका शिजवलेल्यापेक्षा कच्च्यात आणि कच्चं हाताळण्यात जास्त. अंड्यातला बलक घट्ट झाला पाहिजे, वाहता नको. मटण हाडापर्यंत शिजलं पाहिजे, आत गुलाबी दिसता कामा नये. कच्च्याची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, त्याच पाटावर कोथिंबीर चिरू नका. फ्रीजमध्ये ठेवल्याने विषाणू मरत नाही. हात साबणाने धुवा. आणि आजारी कोंबडी कापायची नाही, खायची तर नाहीच नाही.

"मरायला टेकलेली कोंबडी कापून खायची पद्धत आहे ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण ती पद्धत होतीच. कोंबडी पेंगायला लागली की मान टाकायच्या आत सुरी फिरवायची, नाहीतर ती वाया जाते. मानमोडीच्या दिवसांत तर आमच्या वस्तीवर आठवडाभर रस्सा असायचा, आणि पाचही घरांत एकमेकींच्या वाट्या फिरायच्या.

त्या सभेचा पहिला बळी म्हणजे आमचे मामा. मामा चाळीस वर्षं सकाळी गरम दुधात कच्चं अंडं फोडून पीत आले. तालमीतली सवय. कुस्ती सुटली, गुडघे गेले, अंडं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे बारा मिनिटं उकळलेलं अंडं सोलून ठेवलं.

"ही काय गोटी हाय का?" मामा म्हणाले.

"गोटी हाय. खेळा न्हाईतर खावा," आत्या आतून म्हणाल्या.

मामांनी ते अंडं असं चावलं, की जणू मीच त्यांची तालीम बंद पाडली. त्याच आठवड्यात माझा भाऊ आला, पाहुणा आला म्हणून वाट्याचा एक तरणा कोंबडा शेजारून आणून कापला. तोवर आमच्याकडे सगळं ठणठणीत होतं, गावात कुठे एक पक्षी मेला नव्हता. पण मला चेव चढला होता. कापायचा पाट वेगळा, तो नंतर उकळत्या पाण्याने धुतला, नळाखाली मटण धुताना उडवाउडवी केली नाही, भांडं झाकून तासभर शिजवलं, मांडीचं हाड मोडून आत बघितलं. मामांना चुलीच्या निखाऱ्यावर मिठाबरोबर जरा भाजलेलं काळीज लागायचं, वरून करपलेलं, आतून मऊ. तेही मी रश्श्यात टाकलं. मामा भावाला म्हणाले, "तुमची बहीण डाक्टरीण झालीय पावणं, आमाला पथ्यावर ठेवलंय." पण रस्सा दोनदा मागून घेतला.

त्यानंतर चारेक दिवसांनी पाझर तलावावर बगळे मेलेले सापडले. मी तिकडे धुणं न्यायचं बंद केलंच होतं, पण कालव्याच्या भरावावरून लांबून बघितलं. दर वर्षी थंडीत त्या पाण्यावर परदेशी बदकं उतरतात. लग्न झाल्यापासून बघत आलेली गोष्ट, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तिचा अर्थ कळला. कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातून हिमालय ओलांडून ती आमच्या पेंढारच्या तळ्यावर येतात, आणि आमच्या परड्यातल्या कोंबडीचा आणि त्यांचा संबंध असतो. एक ओला पाय, एक शीट, एक कावळा, बस. मी भरावावर उभी राहून वर आकाशाकडे बघत राहिले. इतकं मोठं ते, आणि इतकं आमच्या खुराड्याला चिकटलेलं. मला भीती वाटलीच, पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटलं. देवाच्या मूर्तीसमोर वाटतं तसं.

आत्यांनी त्याच दिवशी कोंबड्या कोंडल्या. खुराड्याला बिबट्याच्या धाकाने जाळी होतीच, वर ताडपत्रीही बांधली.

आणि तरी पाचव्या दिवशी सकाळी एक तांबडी कोंबडी कोपऱ्यात बसलेली. रात्री दाणे खाल्लेले, आता डोळे मिटलेले, तुरा काळसर निळा पडलेला. मी सवयीने तिला पंखात धरून बाहेर काढलं. मामा ओसरीवरून म्हणाले, "मानमोडी हाय. दर सालाला येती. मान टाकायच्या आत काप."

आणि मी, जिने भावाच्या रश्श्याची एवढी पथ्यं पाळली होती, मी चुलीवर पिसं काढायचं पाणी ठेवलं. हे लिहायला मला आजही लाज वाटते. कान ऐकतात पण हात जुन्याच वाटेने जातात. घरचीच कोंबडी, आपल्या हातचे दाणे खाल्लेली, हिला कसला आलाय टीव्हीतला रोग, असंच काहीसं मनात असणार.

आत्या गोठ्यातून आल्या. कोंबडी माझ्या पायाशी पडलेली. त्या वाकल्या, पण हात लावला नाही. कितीतरी वेळ बघत राहिल्या. पाणी खदखदायला लागलं.

"मानमोडीच हाय ना?" मी विचारलं.

"मला न्हाई कळत," आत्या म्हणाल्या.

मामा उठून बसले. मीही चुलीकडून वळले. पन्नास वर्षांत या बाईने कोंबडीचं पोट नुसतं चाचपून उद्या अंडं देणार की परवा हे सांगितलेलं आम्ही ऐकलं होतं. पाच घरांतल्या बायका आजारी कोंबडी त्यांच्यापुढे आणून ठेवायच्या, त्या बोलतील ते शेवटचं.

"मानमोडी बी असंल. ते दुसरं बी असंल. सारखंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "मला कळत न्हाई म्हनून तर त्या पोरीला बोलवायचं. पानी उतर खाली."

मी पाणी उतरवलं. मग त्यांनी मला दोनदा साबणाने हात धुवायला लावले आणि फोनही मलाच लावायला सांगितला. फोन लागायच्या आत मामा म्हणाले, "अगं, तिकडनं काय निघालं तर सगळ्या न्हेतील. एक किलोमीटरमधल्या. आपल्याच न्हाई, समद्या वस्तीच्या. खोलीतली बी न्हेतील." आत्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं सुद्धा नाही. काळीचा तो पंधरावा दिवस होता.

माणसाला जे येतं त्याचा मान सगळेच देतात. जे आपल्याला येत नाही ते सगळ्या घरासमोर बोलायला केवढं बळ लागतं, ते मी त्या सकाळी पाहिलं, आणि मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

मॅडम पांढरा झगा, मास्क, हातमोजे घालून आल्या. तोवर तांबडी मेली होती. ती त्यांनी दोन पिशव्यांत बांधली, बाकीच्या कोंबड्यांच्या घशातून आणि शेपटाखालून काडीवर नमुने घेतले, सगळं बर्फाच्या डब्यात ठेवलं. त्यांनाही आत्यांनी विचारलं, काय वाटतंय. मॅडम म्हणाल्या, "आजी, नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. दोन्ही रोगांत असंच दिसतं. प्रयोगशाळाच सांगेल." आत्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. गर्वाने नव्हे, बरं वाटल्यासारखं.

मग नियम सांगितले. खुराड्यात एकच माणूस जाणार, त्याची चप्पल वेगळी. तोंडाला मास्क, हाताला मोजे. दाराशी जंतुनाशकाची ओली गोणी. घरातलं एकही अंडं खायचं नाही, द्यायचं नाही. कोंबडी, खत, डालगं, काही वस्तीबाहेर न्यायचं नाही, बाहेरचं आणायचं नाही. कोंबडीला मीच हात लावला होता म्हणून आरोग्य केंद्राच्या आशाताई दहा दिवस रोज येऊन माझा ताप बघणार. मामा त्यावर म्हणाले, "आता डाक्टरणीलाच पथ्य." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन मेल्या. तिसऱ्या दिवशी एक. चौथ्या दिवशी आणखी दोन. आत्या मास्क लावून आत जायच्या, मेलेली पिशवीत घालून खड्ड्यात पुरायच्या, वर चुना टाकायच्या, बाहेर येऊन हात धुवायच्या. चौदातल्या आठ राहिल्या, सात खुराड्यात आणि एक खोलीत. काळी वेगळीच होती, तिच्या खोलीत कुणी जात नव्हतं, दाणापाणी मी लांबून सरकवायची. ती तरतरीत होती.

जाऊबाईंच्या बारा कोंबड्यांना तोवर काहीच झालं नव्हतं. त्या कुंपणापाशी आल्या.

"आत्या, तुमी गप बसला असता तर काय बिघडलं असतं? तुमच्या गेल्या, गेल्या. माझ्या बऱ्या हायेत. आता त्या बी तुमच्यापायी जातील."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "माझ्यापायीच जातील."

एवढंच. समजूत नाही, भांडण नाही. जाऊबाई कुंपणापासून परत फिरल्या. मला मात्र राग आला होता, जाऊबाईंचा कमी आणि आत्यांचा जास्त. इतकं सगळं गिळायची काय गरज होती, असं वाटायचं. त्या रागातच मी त्या संध्याकाळी आत्यांना म्हटलं, "काळीला काय झालेलं न्हाई. वेगळीच ठेवलीय. कांद्याच्या वखारीत ठेवू, कुणाला दिसायची न्हाई. तीनच दिवस राहिलेत पिल्लं निघायला."

आत्या काही बोलल्या नाहीत. भाकरी थापत राहिल्या. मी ते गप्प बसणं हो असं धरलं. आपल्याला जे हवं असतं ते आपण गप्प बसण्यात ऐकतो.

विसाव्या दिवशी पहाटे मी खोलीत गेले, तर टोपलीतून आवाज येत होता. मला वाटलं एखादं पिल्लू आधीच निघालं. पण एकही अंडं फुटलेलं नव्हतं. आवाज अंड्यांच्या आतून येत होता. कवचाच्या आत पिल्लं चिवचिवत होती आणि काळी मान तिरकी करून अगदी हलक्या, घशातल्या आवाजात त्यांना काहीतरी सांगत होती. मी तशीच खाली बसले. आई आणि लेकरं एकमेकांना अजून भेटलेली नव्हती, आणि बोलत होती. माझे डोळे भरून आले. मी दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी मॅडमचा फोन आला, नमुना पॉझिटिव्ह आहे, थोड्या वेळात पथक येईल. फोन ठेवला आणि मी टोपली उचलली, वर गोणपाट घातलं आणि वखारीत कांद्याच्या मागे नेऊन ठेवली. काळीने मला चोच मारली, पण अंड्यांवरून हलली नाही.

पथक आलं. पांढऱ्या झग्यांतली सात माणसं, जाळ्या, पिशव्या, चुन्याच्या गोण्या, खड्डा खणायला मशीन. वस्तीच्या टोकाला दोरी बांधली. मॅडमनी सगळ्यांना समजावलं, की एका किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या, अंडी, खाद्य, भुसा पुरला जाईल, नोंद होईल, भरपाई मिळेल, आणि नंतर निदान तीन महिने तरी कुणी कोंबडी आणायची नाही. जाऊबाई हाताची घडी घालून दारात उभ्या होत्या. त्यांच्या कोंबड्या अजूनही धडधाकट.

आणि मग घोटाळा झाला. पथकातला एक जण आमच्या खुराड्यात शिरला, त्याला आतली कडी कळली नाही, दार सुटलं. सातही कोंबड्या फडफडत बाहेर. तेवढ्यात जाऊबाईंच्या परड्यातही पळापळ झाली आणि सगळ्या मिळून मागच्या उसात. तुरे आलेला, माणसाच्या वर गेलेला ऊस. त्यात दिवसाउजेडीही एकटं कुणी शिरत नाही, बिबट्या असतो. झग्यातली माणसं जाळ्या घेऊन बांधावर उभी राहिली. मॅडमचा चेहरा मास्कमधूनही उतरलेला दिसला. एक जरी उसात राहिली, कालव्यापलीकडच्या वस्तीत गेली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी काही करायची गरज नव्हती. जाळी त्यांची नव्हती, कडी त्यांनी उघडली नव्हती. हात बांधून ओसरीवर बसल्या असत्या तरी कुणी बोललं नसतं.

त्या उठल्या. मॅडमना म्हणाल्या, "मी हात न्हाई लावत. लांबनं बोलावते. तुमची मानसं जाळी धरून त्या भिताडामागं बसवा." आत जाऊन सुपात बाजरी आणली. परड्याच्या कोपऱ्यात, जिथे दोन बाजूंनी भिंत आहे, तिथे पसरली आणि दहा पावलं मागे येऊन उभ्या राहिल्या. मग मास्क खाली न करता हाक मारली.

"तीऽ, ती ती ती ती. तीऽ, ती ती ती."

रोज सकाळ-संध्याकाळ मारायच्या ती हाक. तोच आवाज, तीच लय, कुठे थरथर नाही. क्षणभर काहीच नाही. मग उसाचं पाचट वाजलं. आमच्या दोन आल्या. मग चार. मग जाऊबाईंच्या, एकामागून एक, माना पुढे काढून धावत. त्याही याच हाकेवर वाढलेल्या पिल्लांच्या पोटच्या. आत्या हाक मारतच राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी मास्कमध्ये जात होतं. पथकातल्या माणसांनी हलकेच जाळी ओढली. कोंबड्या दाणे टिपत होत्या. मशीनवाल्याने मशीन बंद केलं होतं. जाऊबाईंची हाताची घडी सुटली होती.

मॅडमनी वही काढली. बाकीच्या तीन घरांतल्या आधीच पिशव्यांत गेल्या होत्या. जाऊबाईंच्या बाराच्या बारा. आमच्या चौदा, मेलेल्या सहा, पकडलेल्या सात.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी जमिनीकडे बघितलं. मामाही जमिनीकडे. आत्या एवढं सगळं करून थकल्या होत्या, ओसरीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी "बिबट्यानं न्हेली" म्हटलं असतं तर आमच्या भागात ते खोटं वाटलंच नसतं.

"हाय अजून एक," त्या म्हणाल्या. "ती हाकेवर यायची न्हाई, मॅडम. खुडूक हाय. वखारीत ठेवलीय."

त्यांना कसं कळलं मला ठाऊक नाही. वखारीचं मी बोलले होते, पण टोपली खरंच नेल्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी मला दोष दिला नाही, माझं नावही घेतलं नाही. "ठेवलीय" म्हणाल्या, कुणी ते नाही. आणि पुढे होऊन वाट दाखवली.

मॅडमनी कांद्यामागचं गोणपाट दूर केलं. काळी फुगली, पण उठली नाही. तिच्या छातीखालच्या एका अंड्याला बारीक तडा गेला होता, आणि त्यातून चोचीचं टोक दिसत होतं. मॅडम थबकल्या. त्यांनाही ते बघवेना, हे मी पाहिलं. मग त्यांनी कोंबडीला उचलायला हात पुढे केला.

"उचलू नका," आत्या दारातून म्हणाल्या. "ती उठली का अंडी गार पडत्यात. टोपलीसकट न्या. तेवढं तरी संगट न्या."

मॅडमनी मान हलवली. टोपलीवर पिशवी ओढली, दोन्ही हातांनी उचलली, अगदी सपाट धरून, आणि वखारीतून बाहेर पडल्या. आतून चिवचिव येत होती, आणि तिला काळीचं ते हलकं उत्तर. आत्या टोपलीमागून चार पावलं चालल्या आणि दोरीपाशी थांबल्या. मी त्यांच्यासाठी टोपली लपवली होती असं मी स्वतःला सांगत आले होते. त्या दोरीपाशी उभ्या असताना मला कळलं, की मला या बाईची ओळखच झाली नव्हती.